न येणाऱ्याचं मत

मीटिंगचं निमंत्रण हल्ली माणूस देत नाही, कॅलेंडर देतं. मंगळवार, तीन ते चार, नऊ जणांची नावं आणि खाली तीन बटणं: येतो, येत नाही, बघू. 'येतो' दाबणारा सहकार्य करणारा, 'येत नाही' दाबणारा आखडू आणि 'बघू' दाबणारा व्यवहारचतुर, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकलेली असते. त्यामुळे बहुतेक जण पहिलं बटण दाबतात, मीटिंगला जाऊन बसतात आणि टेबलाखाली आपली मेल बघत राहतात. नाही म्हणायचं धाडस कुणी केलंच, तर तो नकार दिलगिरीत इतका भिजवलेला असतो की त्यातून कामाचं काही हाती लागत नाही.

मीटिंगला नाही म्हणण्यातली सभ्यता शब्दांच्या गोडव्यावर मोजू नये, असं माझं म्हणणं आहे. तो नकार हातात पडल्यावर बोलावणाऱ्याचं काम पुढे सरकलं की अडलं, एवढंच बघावं. तुम्ही नव्हतात आणि तरीही जे ठरायला हवं होतं ते बिनघोर ठरलं, तर तुमचा नकार सभ्य होता. मग त्यात 'क्षमस्व' असो वा नसो.

आता आपल्याकडचा नेहमीचा नकार बघा. 'नमस्कार. निमंत्रणाबद्दल आभार. दुसऱ्या कामात व्यग्र असल्याने उपस्थित राहणं शक्य होणार नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. काय ठरलं ते कृपया कळवावं.' यात उर्मट असं काही नाही. पण बोलावणाऱ्याच्या बाजूने वाचा. या माणसाशिवाय निर्णय घ्यायचा की थांबायचं, हे त्याला कळलेलं नाही. या माणसाचं मत काय, तेही कळलेलं नाही. वर एक नवं काम मात्र गळ्यात पडलं आहे: काय ठरलं ते ह्यांना कळवायचं. आणि मनात एक धास्ती उरतेच, की पुढच्या आठवड्यात हेच गृहस्थ म्हणणार, 'मला कुणी विचारलं होतं?' म्हणजे या नम्र नकाराने दिलं काहीच नाही, मागितलं मात्र बरंच. बोलावणारा अनुभवी असेल तर तो मीटिंग पुढे ढकलतो, आणि मग आठ जणांची एक दुपार एकाच्या दिलगिरीपायी वाया जाते.

'बघू' हे बटण तर त्याहून वाईट. ते दाबणाऱ्याला वाटतं, आपण कुणाला दुखावलं नाही. प्रत्यक्षात आपल्या अनिश्चिततेचं ओझं त्याने दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेलं असतं. 'बघू, सोमवारी सकाळी दहापर्यंत नक्की सांगतो' असं लिहिलं तर ते उत्तर झालं. नुसतं 'बघू' म्हणजे झाकलेला नकार.

एक प्रसंग तपशिलात घेऊ. समजा, एका कंपनीत ग्राहकांना जाणाऱ्या बिलाचा नमुना बदलायचा आहे. ते काम बघणारा तरुण सहकारी मंगळवारी तीन ते चार मीटिंग लावतो. विषय: 'बिलाचा नवा नमुना, चर्चा'. नऊ जणांना बोलावणं. त्यात अकाउंट्सच्या मॅडम आहेत, आणि नेमका तो आठवडा महिनाअखेरीचा आहे, खाती बंद करायची घाई आहे. त्यांच्यापुढे प्रश्न आहे, जायचं की नाही.

इथे बहुतेकांची पहिली चूक अशी होते की ते येण्या-न येण्याचा विचार लगेच सुरू करतात. त्याआधी एक गोष्ट विचारायला हवी: मला कशासाठी बोलावलं आहे? मीटिंगला माणूस बोलावण्याची कारणं फार नसतात. एक तर त्याने काही ठरवायचं असतं, किंवा त्याच्याकडची एखादी माहिती हवी असते, किंवा त्याला काही ऐकवायचं असतं. आणि उरलेल्या वेळा तो मानाखातर बोलावलेला असतो, नाव गाळलं तर वाईट वाटेल म्हणून. निमंत्रणात यातलं काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून मॅडमनी आधी दोन ओळी पाठवल्या: 'मंगळवारी नेमकं काय ठरवायचं आहे? माझ्याकडून त्यात काय लागेल?' हा प्रश्न नुसता टाकला तर खवचट वाटू शकतो, हे मान्य. म्हणून त्यांनी पुढे जोडलं: 'म्हणजे मी त्याप्रमाणे तयारी करून ठेवते.' उत्तर आलं: 'मॅडम, नमुना फायनल करायचाय आणि कधीपासून लागू करायचा ते ठरवायचंय. तुमच्याकडून हिशेबाच्या दृष्टीने काही अडचण आहे का, ते हवंय.'

आता चित्र स्पष्ट झालं. त्यांना ठरवायला नव्हे, अडचण सांगायला बोलावलं आहे. अडचण सांगायला एक तास लागत नाही. त्यांनी सोमवारी सकाळी हे लिहिलं:

'मंगळवारी खाती बंद करण्याचं काम असल्यामुळे मी येत नाही. माझ्या बाजूने तीन गोष्टी. बिलाचा क्रमांक आत्ता चालू आहे त्याच मालिकेत पुढे चालू ठेवावा. मधेच नवी मालिका सुरू केली तर आलेले पैसे कुठल्या बिलाचे, ते जुळवता येणार नाही. करनोंदणी क्रमांक पहिल्या पानावरच राहावा. आणि नवा नमुना महिन्याच्या मधून नको, एक तारखेपासून लागू करावा. यातली पहिली गोष्ट अडून बसण्यासारखी आहे, दुसऱ्या दोन सोयीच्या आहेत. रंग, अक्षर, लोगो, मजकुराची मांडणी यात तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य, नंतर मी त्यावर बोलणार नाही. क्रमांकाची पद्धत बदलायचीच असं निघालं, तर तेवढा मुद्दा तिथेच थांबवा आणि मला फोन करा. तीन ते साडेतीन मी फोनजवळ आहे. हा मुद्दा मीटिंगमध्ये आमच्या विभागातला वसुली बघणारा सहकारी मांडेल, त्याच्याशी बोलले आहे.'

शे-सव्वाशे शब्द असतील. मोठ्याने वाचायला फार तर दीड मिनिट. मला हा मजकूर आवडतो, कारण त्यातल्या प्रत्येक वाक्याचं बोलावणाऱ्याला काहीतरी करता येतं. पण सगळ्यात मोलाचं वाक्य कोणतं, याबद्दल लोकांचा अंदाज चुकतो. बहुतेकांना वाटतं, ते तीन मुद्दे. माझ्या मते ते आहे 'तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य, नंतर मी त्यावर बोलणार नाही.'

गैरहजर माणसाची भीती असते ती त्याच्या नंतरच्या बोलण्याची. मीटिंगमध्ये आठ जणांनी तासभर घासाघीस करून एक गोष्ट ठरवायची आणि नवव्याने दुसऱ्या दिवशी एका मेलमध्ये ती उलटवायची, हे प्रत्येकाने पाहिलेलं आहे. म्हणून लोक मीटिंग लावताना कुणालाच वगळत नाहीत, आणि म्हणून मीटिंगा फुगतात. ज्याला न येण्याची मोकळीक हवी, त्याने हा नंतर उलटवण्याचा हक्क आधीच सोडायला हवा, तोही लेखी आणि कुठल्या बाबतीत ते स्पष्ट सांगून. जी एखादी गोष्ट सोडता येत नाही, तिच्यापुरतं 'इथे थांबा, मला विचारा' म्हणावं. दोन्ही हातात लाडू मिळणार नाहीत: दुपारही मोकळी आणि नकाराधिकारही शाबूत. सगळ्याच बाबतीत आपला शब्द शेवटचा असावा असं वाटत असेल, तर मुकाट्याने मीटिंगला जाऊन बसावं.

याच्या उलट टोकाचं एक उदाहरण आहे आणि ते मोठं मार्मिक आहे. इंटरनेटचे तांत्रिक नियम जिथे ठरतात त्या आयईटीएफ या संस्थेत जगभरचे लोक काम करतात आणि प्रत्येकाला प्रत्येक बैठकीला जाणं शक्य नसतं. १९९८ सालच्या आरएफसी २४१८ या त्यांच्या नियमपत्रात याची तजवीज आहे. एखाद्या मुद्द्यावर मेलिंग लिस्टवर लेखी चर्चा झालेलीच नसेल, किंवा बैठकीतला निर्णय तिथे आधी झालेल्या मतैक्यापेक्षा बराच वेगळा असेल, तर तो निर्णय पुन्हा लेखी चर्चेपुढे ठेवणं बंधनकारक आहे. म्हणजे खोलीत बसलेल्यांच्या संमतीने काम भागत नाही. न आलेल्यांना वाचून हरकत घ्यायची संधी मिळावी लागते. तिथे हे चालतं, कारण एखादा नियम पक्का व्हायला महिनोन् महिने लागले तरी चालतात. बिलाचा नमुना एक तारखेला लागू करायचा असतो. म्हणून आपल्या रोजच्या कामात फेरविचाराची दुसरी फेरी ठेवण्यापेक्षा न येणाऱ्याने आपलं मत आधी देणं हाच व्यवहार्य मार्ग उरतो. तत्त्व मात्र तेच: मत मोजलं जाण्यासाठी माणूस खुर्चीत असलाच पाहिजे, असं नाही.

आणि ज्या कॅलेंडरच्या तीन बटणांवर आपण चिडतो, ती निमंत्रणं ज्या मानकावर चालतात तेही याच संस्थेचं आहे. गंमत म्हणजे त्या मानकात उत्तरं तीनच नाहीत. २००९ सालच्या आरएफसी ५५४५ मध्ये `ACCEPTED`, `DECLINED` आणि `TENTATIVE` यांच्या जोडीला `DELEGATED` आहे, म्हणजे माझ्याऐवजी अमुक येईल. निमंत्रिताच्या भूमिकांमध्ये यायलाच हवं असा एक प्रकार आहे, आलात तर बरं असा `OPT-PARTICIPANT` आहे, आणि फक्त माहितीसाठी कळवलेला असा `NON-PARTICIPANT` सुद्धा आहे. सोबतच्या आरएफसी ५५४६ मध्ये `COUNTER` नावाचं उत्तर आहे: निमंत्रिताने 'असं करू या का' म्हणून पाठवलेला उलट प्रस्ताव. उत्तराला टिपणी जोडायची सोय आहे. इतक्या छटा यंत्राने ठेवल्या. आपण मात्र तीन बटणं बघतो, त्यातही एकच दाबतो.

टिपणीच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. मानकाप्रमाणे निमंत्रणाचं उत्तर निमंत्रकाकडे जातं, सगळ्यांकडे नाही. त्यामुळे आपलं मत त्या छोट्या चौकटीत लिहिलं तर ते उरलेल्या सात जणांपर्यंत पोचेलच असं नाही. मी दोन भाग करायला सांगेन. न येण्याचं कारण एकट्या बोलावणाऱ्याला. ते नऊ जणांना ऐकवण्यात कुणाचं भलं नाही. मत मात्र सगळ्यांना, किंवा मीटिंगचा अजेंडा ज्या कागदावर आहे त्या कागदावर. आणि ते आदल्या दिवशी. मीटिंगच्या दहा मिनिटं आधी आलेलं मत कुणी वाचत नाही, आणि वाचलं तरी 'आयत्या वेळी खोडा घातला' असं वाटतं.

आता लेखी मताविरुद्धचा सगळ्यात जोरदार आक्षेप घेऊ. लोक म्हणतात, कागदावर मत दिलं की चर्चा होत नाही; समोरासमोर बसलं की एकाचं ऐकून दुसऱ्याला सुचतं, चार गोष्टी बाहेर येतात. ऐकायला हे पटतं. पण १९८५ साली गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी याच समजुतीची परीक्षा घेतली. चौघाचौघांच्या गटांना विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदासाठी तीन काल्पनिक उमेदवारांतून एक निवडायला दिला. काही गटांत सगळ्यांना सगळी माहिती दिली. काही गटांत उत्तम उमेदवाराच्या जमेच्या बाजू चौघांत वाटून टाकल्या, म्हणजे प्रत्येकाकडे त्याचं अर्धवटच चित्र होतं. चौघांनी तोंड उघडून आपापलं सांगितलं असतं तर पूर्ण चित्र टेबलावर आलं असतं. ते बहुतेक गटांत आलं नाही. चर्चा झाली ती सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींवर, आणि तो उमेदवार मागे पडला. पुढच्या अनेक प्रयोगांत हाच कल दिसत राहिला: जे सगळ्यांना माहीत असतं त्यावर गट बोलतो, जे एकालाच माहीत असतं ते बहुधा त्याच्यापाशीच राहतं.

बिलाच्या मीटिंगला हे लावून बघा. क्रमांकाची मालिका बदलली तर पैसे जुळवताना काय होतं, हे नऊ जणांत एकाच बाईंना नीट ठाऊक आहे. रंगाबद्दल मात्र नऊच्या नऊ जणांना मत आहे. मॅडम स्वतः त्या खोलीत असत्या, तरी पन्नास मिनिटं रंगावर जाऊन त्यांचा मुद्दा शेवटच्या पाच मिनिटांत, सगळे चुळबुळ करत असताना येण्याची शक्यता दांडगी होती. कागदावर तो तीन मुद्द्यांत पहिला आहे, आणि त्याच्यापुढे लिहिलं आहे की हा अडून बसण्यासारखा आहे. म्हणून मी म्हणेन की जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते लिहूनच द्यावं, तुम्ही मीटिंगला जाणार असलात तरी.

पण त्या प्रयोगात लेखी मत देणाऱ्यांसाठीही एक इशारा आहे. कागदावरचा एकट्याचा मुद्दा खोलीतल्या कुणाचाच नसतो. तो वाचला जातो, 'हं, ठीक' म्हटलं जातं आणि चर्चा पुन्हा रंगावर येते. मॅडमच्या शेवटच्या वाक्याचं महत्त्व इथे कळतं: हा मुद्दा मांडणारा एक जिवंत माणूस त्या खोलीत आहे आणि त्याच्याशी आधी बोलणं झालं आहे. हे एवढं केलं नाही तर लेखी मत आणि मौन यांत फारसा फरक उरत नाही.

कमी वेळाच्या पर्यायाबद्दल थोडं. 'तासभर जमणार नाही, पण पंधरा मिनिटं येतो' हे वाक्य उदार वाटतं आणि बऱ्याचदा फसतं. कारण कोणती पंधरा मिनिटं, ते सांगितलेलं नसतं. शेवटची पंधरा मिनिटं कधीच मागू नयेत. मीटिंगा लांबतात, आणि तुमचा विषय यायच्या आत तुमची वेळ संपते. पहिली पंधरा मागावीत, आणि त्यासोबत आपला विषय आधी घ्यायची विनंती करावी: 'क्रमांकाचा मुद्दा आधी घेतलात तर मी तीन ते सव्वातीन बसते.' मग बसल्या बसल्याच सगळ्यांना सांगून टाकावं की सव्वातीनला मी उठेन. हे आधी सांगितलं नाही तर उठणं म्हणजे रागावून जाणं असं दिसतं, आणि या संकोचापायी पंधरा मिनिटांचा तास होतो. दुसरा पर्याय, नऊ जणांच्या तासाऐवजी दोघांचा दहा मिनिटांचा फोन. तो द्यावा, पण आधीच. मीटिंगच्या दिवशी सकाळी दिला तर बोलावणाऱ्याला दोन्ही करावं लागतं.

कारण कोणतं सांगावं, यात लोक फार घोटाळा करतात. खरं कारण 'माझी तिथे गरज नाही' असं असतं आणि सांगितलं जातं 'त्या वेळी दुसरी मीटिंग आहे'. बोलावणारा भला माणूस असतो. तो म्हणतो, 'काही हरकत नाही, गुरुवारी ठेवू.' आता काय करणार? एका थापेपायी नऊ जणांची मीटिंग हलली आणि तुम्हाला जायचंच आहे. वेळेची अडचण असेल तेव्हाच वेळेचं कारण द्यावं. गरज नसेल तर तसं म्हणावं, पण मीटिंगच्या दर्जाबद्दल नाही, स्वतःच्या कामाबद्दल: 'नमुन्याच्या मांडणीत मला भर घालता येईल असं वाटत नाही, हिशेबाचा भाग लिहून दिला आहे.' 'या विषयाला मीटिंग कशाला हवी' हे खरं असलं तरी नकाराच्या पत्रात लिहू नये. ती सूचना करायची असेल तर वेगळी, एकांतात आणि मीटिंग होऊन गेल्यावर करावी.

समोरच्याला राग येईल, ही भीती आपण वाढवून ठेवतो असंही मला वाटतं. ज्युलियन गिवी आणि कॉलीन कर्क यांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की नकार देणाऱ्याला निमंत्रकाच्या नाराजीचा जेवढा अंदाज असतो, तेवढा निमंत्रक प्रत्यक्षात नाराज होत नाही. ती निमंत्रणं जेवणाखाण्याची, भेटीगाठींची होती, साहेबांच्या मीटिंगची नव्हती. बरोबरीच्या माणसांत हा दिलासा घ्यावा. साहेबांपर्यंत तो ताणू नये.

काही मीटिंगांना मात्र लेखी मत पाठवून मोकळं होता येत नाही, आणि या सवयीच्या उत्साहात ते विसरलं जातं. गणपूर्ती लागते तिथे तुमची खुर्चीच मोजली जाते. कुणाच्या कामावरून, चुकीवरून किंवा नोकरीवरून बोलणं व्हायचं आहे, तिथे न येता लिहून पाठवणं हे भेकडपणाचं आहे. दोन माणसांत बिनसलं आहे आणि ते मिटवायला बसायचं आहे, तिथे कागद आगीत तेल ओततो. आणि तुमचं मत म्हणजे मूळ प्रस्तावालाच विरोध असेल, तर ते समोर येऊन मांडायला हवं, कारण त्यावर प्रश्न येणार आणि उत्तरं तुम्हालाच द्यावी लागणार. लेखी मत चालतं ते अट सांगायला, माहिती द्यायला, दोन पर्यायांतला एक निवडायला. सगळा डाव उधळायला नाही.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. लिहिण्याचा हात सगळ्यांचा सारखा नसतो. ज्याला दीड मिनिटात वाचण्यासारखं लिहिता येतं त्याचं मत भारी ठरणार आणि जो बोलून छान समजावतो पण लिहायला कचरतो तो मागे पडणार. यावर इलाज एवढाच की लेखी म्हणजे टाईप केलेलंच असावं असा हट्ट नको. त्याने दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला, किंवा आदल्या दिवशी बोलावणाऱ्याला फोनवर सांगितलं आणि बोलावणाऱ्याने ते उतरवून घेऊन 'बरोबर लिहिलंय ना?' असं विचारून घेतलं, तरी काम तेच होतं. वेळ थोडा बोलावणाऱ्याचा जातो, हे खरं.

खरा पेच हुद्द्याचा आहे. आत्तापर्यंत मी असं बोललो की जणू कुणीही कुणालाही नाही म्हणू शकतो. तसं नसतं. वरिष्ठांनी बोलावलं की हाताखालच्याने 'येत नाही' दाबायचं नसतं, हे कुठे लिहिलेलं नाही आणि सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात एक जुनी रीत अशी की जो मीटिंगला नसतो त्याच्या गळ्यात काम पडतं. म्हणून नवा माणूस आपलं नाव वाचवायला म्हणून सुद्धा जातो. त्याला 'नाही म्हणायला शिक' असा उपदेश करणं सोपं आहे, आणि तो उपदेश करणाऱ्याचं त्यात काही जात नाही.

हाताखालच्या माणसाला त्यातल्या त्यात जमण्यासारखं आहे ते असं: नकार न देता निवड वरिष्ठांकडे द्यावी. 'सर, मंगळवारी तीनला बिलाच्या मीटिंगचं बोलावणं आहे. त्याच दिवशी पाचपर्यंत तुम्हाला वसुलीची यादी द्यायची आहे. मीटिंगसाठी माझा मुद्दा लिहून ठेवला आहे, सोबत जोडतो. यादी पूर्ण करू की मीटिंगला बसू? तुम्ही सांगाल तसं करतो.' यात तो अडलेला दिसत नाही, तयार दिसतो. आणि वरिष्ठांनी 'बस मीटिंगला' म्हटलं, तर यादी उशिरा येणार हे त्यांच्याच तोंडून ठरलेलं असतं.

वरिष्ठांच्या लेखी मताचा त्रास वेगळाच आहे. साहेब मीटिंगला आले नाहीत तर माणसं मोकळी बोलतात, हा फायदा. पण त्यांनी चार ओळी पाठवल्या आणि त्या सुरुवातीलाच वाचल्या गेल्या, की मीटिंग तिथेच संपते. उरलेला तास त्या चार ओळींचं कौतुक करण्यात जातो. म्हणून माझा आग्रह आहे, की न आलेल्या वरिष्ठांचं मत सगळ्यात शेवटी वाचावं आणि न आलेल्या कनिष्ठांचं सगळ्यात आधी. वरिष्ठाला हे खरंच पटत असेल तर त्याने स्वतःच लिहावं: 'हे माझं मत तुमची चर्चा झाल्यावर उघडा.' मीटिंग चालवणाऱ्यावर ही जबाबदारी टाकली तर तो ती पेलू शकणार नाही, आणि त्याने पेलावी अशी अपेक्षाही करू नये.

मीटिंग चालवणाऱ्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा मात्र करता येते. आलेलं लेखी मत तो मोठ्याने वाचेल, आणि त्याचं काय झालं ते मिनिट्समध्ये लिहील: मान्य, अमान्य आणि का. 'अकाउंट्सचा अभिप्राय मिळाला' एवढी नोंद ही नोंद नव्हे. ज्या ठिकाणी लेखी मतं वाचली जात नाहीत, तिथे लोक दोनदा पाठवतात, तिसऱ्यांदा निमूटपणे येऊन बसतात, आणि पुन्हा नऊ जणांचा तास सुरू होतो. मॅडमच्या बाबतीत मंगळवारी सव्वातीनला फोन वाजला, तर त्याचा अर्थ पत्र वाचलं गेलं. कुणीतरी नव्या मालिकेचा विषय काढला, वसुलीवाल्याने 'इथे थांबू' म्हटलं, आणि चार मिनिटांत ठरलं की मालिका जुनीच ठेवायची, फक्त क्रमांकाच्या पुढे वर्षाचे दोन आकडे लावायचे. फोन वाजलाच नाही, तर मात्र मॅडमनी संध्याकाळी मिनिट्स उघडून एकच ओळ शोधावी. ती सापडली नाही, तर पुढच्या मीटिंगचं बोलावणं आल्यावर त्या काय करतील हे बोलावणाऱ्याला आधीच कळायला हवं.